मदत हवी आहे: तोटा ३५ लाख, पण तो जिरवायला मालमत्ता २५ लाखांचीच

एक अख्खा विभाग विकायला काढला आहे. आयएफआरएस ५ च्या अटी पूर्ण आहेत: मंजुरी झाली, खरेदीदाराशी बोलणी चालू आहेत, वर्षाच्या आत विक्री होईल. घसारा थांबवलाय, निकाल बंद होणाऱ्या व्यवसायाखाली वेगळा दाखवलाय.

गटाची पुस्तकी किंमत १०० लाख: गुडविल ५, यंत्रसामग्री २०, मालसाठा ४०, येणी ३५. देणी गटात नाहीत. वाजवी मूल्य ६८, विक्रीखर्च ३, म्हणजे ६५. तोटा ३५.

आधी गुडविल, मग यंत्रसामग्री शून्यावर आणली. जिरले २५, उरले १०. मालसाठा आणि येणी या मानकाच्या मोजमापात येत नाहीत. वर्गीकरणाआधी त्यांच्या त्यांच्या मानकांनुसार दोन्ही पुन्हा तपासली, कमी करण्यासारखं काही निघालं नाही. खरेदीदाराने पुढचा तोटा धरून भाव पाडलाय, हे खरं कारण.

ऑडिटर म्हणतात २५ वर थांबा. माझे वरिष्ठ म्हणतात गट ६५ वरच दिसायला हवा, आणि मानकात संपूर्ण गटच मोजायला सांगितलंय, त्यामुळे त्यांचंही पटतं.

ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळलंय त्यांनी सांगा: उरलेले १० लाख सोडून द्यायचे, की गटासमोर वेगळी वजावट किंवा देयता दाखवायची? आणि जे निवडाल ते टिपांमध्ये कसं मांडलंत?