मदत हवी आहे: स्टॅटिनने युबिक्विनोन घटते, ते नवे बनत नाही म्हणून की जुने लवकर संपते म्हणून?

हेपजी२ पेशी, लिपोप्रोटीन काढलेले सीरम, सिम्वास्टॅटिन ५ मायक्रोमोलर (लॅक्टोन अल्कलीने उघडून आम्लरूपात), ४८ तास. को-क्यू१० एचपीएलसीवर मोजतो, एकूण प्रथिनाच्या प्रमाणात. ते स्पष्ट घटते आणि वेस्टर्न ब्लॉटवर प्रेनिल शेपटी न जोडलेले रॅप१ए दिसू लागते.

मेव्हॅलोनेट घातले की दोन्ही पूर्ववत होतात, म्हणजे अडथळा एचएमजी-कोए रिडक्टेजचाच. जिरानिलजिरानिल पायरोफॉस्फेट दिल्यावर रॅप१ए सुधारते, को-क्यू१० मात्र नाही. हे अपेक्षितच होते: डेकाप्रेनिल शेपटी लांबवायला आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट लागते आणि तेच आटलेले असते. स्टॅटिनऐवजी झारागोझिक आम्लाने फक्त स्क्वालीन सिंथेज अडवले, तर कोलेस्टेरॉल कमी होते, पण को-क्यू१० घटत नाही. फाटा फार्नेसिल पायरोफॉस्फेटनंतर फुटतो, हे त्यातून नीट दिसते.

अडचण अशी की एकूण साठा मोजून निर्मिती आणि ऱ्हास वेगळे करता येत नाहीत. म्हणून कार्बन-१३ ने चिन्हांकित ४-हायड्रॉक्सीबेंझोएट देऊन मास स्पेक्ट्रोमीटरवर नवे को-क्यू१० मोजायचे आहे. या रेणूचे वलय टायरोसिनपासून येते, मेव्हॅलोनेटपासून नाही, त्यामुळे स्टॅटिनने चिन्हाचा पुरवठा थेट अडू नये. माध्यमात साधे ४-हायड्रॉक्सीबेंझोएट घातलेले नाही. प्राथमिक यकृतपेशी उपलब्ध नाहीत.

हे चिन्ह स्टॅटिनसोबतच द्यावे, की आयसोप्रिनॉइडचा साठा आटल्यावर, म्हणजे २४ तासांनी? आणि हेपजी२ मध्ये किती मायक्रोमोलरपर्यंत दिले तर निर्मितीचा वेग कृत्रिमरीत्या वाढणार नाही?