लेथवरचा कागद: पहिला पीस आणि थांबायचा आकडा

> मी परगावी गेलो की सीएनसीवर अख्खा लॉट बिघडतो. पोरांना नेमकं काय लिहून देऊ?

साहेब, सगळ्या कारखान्याची नियमावली लिहायला बसू नका. एका जॉबचा एक कागद करा आणि मशीनलाच लावा. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत निम्मी पोरं कन्नड वाचणारी, तेव्हा मराठीखाली कन्नडही हवंच.

समजा ४० मिमीचा स्टीलचा बुश आहे, माप ३९.९८ ते ४०.००. कागदावर आधी मायक्रोमीटरचं झिरो तपासणं. मग पहिला पीस काढून थंड होऊ द्यायचा आणि मगच मोजायचा. पीस वीसेक अंशांनी गरम असेल तर माप जवळपास ०.०१ जास्त दिसतं. गरम असताना ३९.९८५ भरलेला पीस थंड झाल्यावर ३९.९७५ होतो, म्हणजे रिजेक्ट. पहिला पीस दुसऱ्या माणसाने मोजून सही केल्याशिवाय पुढचा लावायचा नाही.

पुढे दर दहाव्या पिसाचं माप लिहायचं. इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो, ते आकड्यांत दिसतं. ३९.९९५ आला की वेअर ऑफसेट द्यायचा, पण किती द्यायचा याची मर्यादा लिहा. त्यापुढे इन्सर्ट बदलून परत पहिला पीस. ४०.०० ओलांडलं तर मशीन बंद, आणि मागच्या तपासणीनंतरचे सगळे पीस लाल ट्रेमध्ये. “शंका आल्यास मालकाला विचारा” असं मात्र लिहू नका. फोन लागेपर्यंत मशीन चालूच राहतं.