मदत हवी आहे: आजारपणामुळे मीटिंग पुढे ढकलायची आहे, आजार न सांगता

अंबडची_लेथवाली
नमस्कार मंडळी. अंबडला आमचं छोटं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे. मंगळवारी 14 तारखेला सिन्नरच्या एका कंपनीच्या पर्चेस मॅनेजरांसोबत दरवाढीची मीटिंग ठरली आहे. ती मिळवायलाच दोन महिने गेले. आता मी आजारी आहे. डॉक्टरांनी रविवार, 19 पर्यंत घरीच राहायला सांगितलंय आणि सोमवारी परत दाखवायचंय. काय झालंय ते मला कुणालाच सांगायचं नाही. पण नुसतं ‘तब्येत बरी नाही’ लिहिलं तर बहाणा वाटेल का? मी लिहिलेला मेल असा आहे:

‘सर, अचानक तब्येत बिघडल्यामुळे मंगळवारी येऊ शकत नाही. क्षमस्व. बरं वाटलं की कळवते. आपल्याला त्रास दिल्याबद्दल पुन्हा एकदा माफी मागते.’

सातपूर_शिफ्ट
ताई, ईएसआयसीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्या. आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के मिळतात.

अंबडची_लेथवाली
दादा, रजा नाही हो, युनिट माझंच आहे. गिऱ्हाइकाची मीटिंग पुढे न्यायची आहे.

देवळाली_कॅम्प
तरीही सर्टिफिकेट जोडाच. कागद असला की कुणी शंका घेत नाही.

जुना_पर्चेसवाला
शंका घेत नाहीत हे खरं, पण सर्टिफिकेटवर बहुतेक वेळा आजाराचं नाव असतं. जे लपवायचंय तेच ताई स्वतःच्या हाताने पाठवतील. कागद आपल्या नोकरीच्या ठिकाणी मागतात, बाहेरचं गिऱ्हाईक मागत नाही.

मी वीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय. ‘तब्येतीच्या कारणाने’ एवढं वाचून मला कधी बहाणा वाटला नाही. खटकायचं ते ‘बरं वाटलं की कळवते’. त्या वाक्यानंतर मी ती जागा दुसऱ्या व्हेंडरला द्यायचो, कारण माझ्या डायरीत लिहायला तारीखच नसायची.

तारीख देताना सोमवार 20 नको. त्या दिवशी डॉक्टरांकडे जायचंय, आणि विश्रांती वाढली तर दुसऱ्यांदा मीटिंग पुढे ढकलावी लागेल. पहिल्यांदा सगळे समजून घेतात, दुसऱ्यांदा नाही. मंगळवार साचलेल्या कामात जाईल. बुधवार 22 किंवा गुरुवार 23 द्या, सकाळी साडेअकरानंतर. सिन्नरला जाऊन-येऊन दोन तास मोडतात, शिवाय आजारातून उठल्यावर भाव करायला डोकं शाबूत लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा दर कधीपासून मागताय?

अंबडची_लेथवाली
पुढच्या 1 तारखेपासून.

जुना_पर्चेसवाला
मग ते मेलमध्ये लिहाच. नाहीतर मीटिंग आठ दिवस पुढे गेली की दरही महिनाभर पुढे जातो. कॉस्ट शीट आत्ताच पाठवा, म्हणजे मीटिंगआधी ते आकडे बघून ठेवतील.

पिंपळगाव_द्राक्ष
माझं ऐका. मी एका व्यापाऱ्याला ‘व्हायरल ताप आहे’ असं सरळ लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘तो दोन दिवसांत उतरतो, शुक्रवारी या.’ नाही कसं म्हणणार? गेलो. अंगात त्राण नव्हतं, बोलणी लांबली तशी घरी जायची घाई झाली आणि किलोमागे दोन रुपये सोडून आलो. आजाराचं नाव सांगितलं की बरं व्हायचे दिवस समोरचा मोजायला लागतो.

इंदिरानगर_मीरा
मेलआधी फोन करा. ठरलेली वेळ आहे, नुसता मेल रुक्ष वाटतो.

जुना_पर्चेसवाला
फोनवर पहिला प्रश्न ‘काय झालं हो?’ हाच येणार. मी मेलच करेन.

इंदिरानगर_मीरा
त्यावर ‘आता बरं आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय’ म्हणायचं आणि लगेच तारखेवर यायचं. आपल्याकडे लोक काळजीपोटी विचारतात, पण एवढ्यावर थांबतातही.

अंबडची_लेथवाली
सगळ्यांचे आभार. आज सकाळी हे पाठवलं:

‘विषय: 14 तारखेची दरवाढीची मीटिंग, बुधवार 22 ला घ्यावी ही विनंती
सर, तब्येतीच्या कारणाने मला या आठवड्यात विश्रांती घ्यावी लागत आहे. मंगळवारची मीटिंग बुधवार 22 ला सकाळी 11.30 ला ठेवता येईल का? ते सोयीचं नसेल तर गुरुवार 23 ला त्याच वेळी येईन. कॉस्ट शीट सोबत जोडली आहे. मीटिंग पुढे गेली तरी नवीन दर 1 तारखेपासूनच धरावा, ही विनंती. ऐनवेळी बदल करावा लागतोय, त्याबद्दल दिलगीर आहे. या आठवड्यात डिलिव्हरीचं काही असेल तर आमच्या सुपरवायझरांशी बोलावं.’

फोन केला नाही, आवाजावरूनच कळलं असतं.

अंबडची_लेथवाली
दुपारी उत्तर आलं. ‘काळजी घ्या, गुरुवार 23, 11.30.’ काय झालं ते विचारलं नाही. 1 तारखेबद्दल मात्र एक अक्षर नाही. परत मेल करू की 23 लाच विचारू?

जुना_पर्चेसवाला
आत्ता नको. 23 ला बसल्या बसल्या पहिलं तेच काढा. तुमची विनंती त्यांच्याकडे लेखी गेलेली आहे.

इंदिरानगर_मीरा
मी असते तर सोमवारी दोन ओळी टाकल्या असत्या.