डिलिव्हरीनंतर दिलेली टिप रायडरला दिसत नाही – मदत हवी आहे

जेवण मागवताना टिप दिली नव्हती. भर पावसात रायडर चौथ्या मजल्यापर्यंत चढून आला, म्हणून ऑर्डर पोचल्यावर रेटिंगच्या पानावरून ५० रुपये टिप यूपीआयने दिली. ऑर्डरचं बिल क्रेडिट कार्डावर आधीच गेलं होतं. टिपचा व्यवहार वेगळा झाला आणि त्याचा यूटीआर क्रमांकही वेगळा आहे. बँकेत 'यशस्वी' दिसतंय, पैसे परत आलेले नाहीत. ॲपमध्ये त्या ऑर्डरखाली टिप दिल्याचं दिसतं, पण इनव्हॉइसमध्ये तिचा उल्लेख नाही.

तोच रायडर आमच्या सोसायटीत नेहमी येतो. त्याने त्या दिवसाची कमाई उघडून दाखवली, त्यात फक्त डिलिव्हरीचे पैसे होते. हेल्प चॅटवर यूटीआर दिला, तर 'टिप पूर्णपणे रायडरला जाते' एवढंच ठराविक उत्तर आलं. मला रिफंड नकोय, त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत.

इथे कोणी रायडर किंवा अशा कंपनीत काम केलेलं असेल तर सांगा: ऑर्डर बंद झाल्यावर आलेली टिप त्याच ऑर्डरखाली दिसते, की साप्ताहिक पेआउटमध्ये वेगळ्या ओळीत? आणि तिथेही नसेल, तर तक्रार त्याने त्याच्या ॲपमधून करायची की मी यूटीआर घेऊन करायची?