काकांच्या मेलमधल्या कंट्रोल-कमांडवरून लॅपटॉप विंडोजचा की मॅक, हे ओळखता येईल का?

सागरगोटा

मदत हवी आहे. माझे काका गुहागरजवळ राहतात. गावातल्या जुन्या देवराईबद्दल आणि पाणवठ्यांबद्दल त्यांनी वहीत बरंच लिहून ठेवलंय. ते सगळं त्यांना मराठीत टाइप करायचंय. ओळखीच्या एका गृहस्थांनी परदेशी जाताना आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. मराठी कीबोर्ड कसा सुरू करायचा आणि भाषा कशी बदलायची, हे मला पायरीपायरीने लिहून पाठवायचंय.

अडचण अशी की लॅपटॉप कोणता हे मला माहीत नाही. काकांना ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोनवर काही विचारता येत नाही. फोनही बटणांचाच आहे, म्हणजे फोटोची आशा नाही. शेजारचा मुलगा आठवड्यातून एकदोनदा येऊन नेट जोडून देतो, तेव्हाच ते मेल बघतात. एक प्रश्न चुकीचा विचारला की आठवडा गेला. "कोणता लॅपटॉप आहे?" असं विचारून झालंय. "चंदेरी रंगाचा, पातळ" असं उत्तर आलं.

त्यांच्या मेलमधले बटणांचे उल्लेख जसेच्या तसे देतो:

"एक्सेलमध्ये जमाखर्च मांडला. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही करून मागच्या महिन्याचे आकडे आणले."

"मेल लिहिताना कंट्रोल ए दाबलं तर सगळं निळं होत नाही. चमकणारी रेघ मागे जाते आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला बसते. बिघडलंय का?"

"देणारे म्हणाले होते की cmd वापरा. मला काही कळलं नाही."

"स्पेसच्या डावीकडे alt आहे."

यातून काही ठरतं का? चुकीच्या यंत्राच्या सूचना गेल्या तर ते नाद सोडून देतील आणि पुन्हा वहीकडे वळतील. तसं होऊ द्यायचं नाहीये.

प्रशांत_महासागर

सरळ आहे. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही चाललं म्हणजे विंडोज. मॅकवर कॉपी कमांड सी नेच होते, आमच्या ऑफिसात दोन्ही आहेत. शिवाय alt बटण विंडोजच्याच कीबोर्डवर असतं, मॅकवर option. विंडोजच्या सूचना पाठवून मोकळे व्हा.

रानजाई

सागरगोटा, माझ्याकडेही हाच त्रास आहे! विंडोजची सवय असल्याने मॅकवर हात सारखा कंट्रोलकडेच जातो. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या पानावर Modifier Keys म्हणून आहे, तिथे कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करता येते. मी केली आणि सुखी झाले. काकांनाही तेच करून द्या.

सागरगोटा

रानजाई, धन्यवाद, पण मॅक आहे की नाही हेच तर शोधतोय. मॅक निघाला तर हे लक्षात ठेवेन.

तळटीप

प्रशांत, दोन्ही मुद्द्यांवर सावकाश. मॅकसाठीच्या एक्सेलमध्ये विंडोजचे बरेचसे कंट्रोलवाले शॉर्टकट कंट्रोलनेही चालतात. सगळे नाही, पण कॉपी-पेस्ट चालतं. काकांनी ते एक्सेलमध्येच केलंय, त्यामुळे त्या वाक्यातून काहीच ठरत नाही. तेच त्यांनी मेल लिहिताना केलं असतं आणि मजकूर उतरला असता, तर तुमचं म्हणणं वजनदार ठरलं असतं. तेव्हाही विंडोजच असं नाही, कारण लिनक्स आणि क्रोमबुकवरही कॉपी कंट्रोलनेच होते. आणि जुन्या मॅकच्या बटणावर option च्या वर बारीक अक्षरात alt छापलेलं असे. काकांनी त्यातलं एकच वाचलं असेल.

खरा पुरावा दुसऱ्या मेलमध्ये आहे. माणूस बटणाचं नाव काय घेतो यावरून त्याची सवय कळते. बँकेत किंवा शाळेत विंडोजवर काम केलेला माणूस मॅकपुढे बसला तरी तोंडाने "कंट्रोल"च म्हणतो. बटण दाबल्यावर पडद्यावर काय झालं, ते मात्र सिस्टिम ठरवते. विंडोजवर मेलच्या चौकटीत कंट्रोल ए दाबलं की सगळा मजकूर निवडला जातो. क्रोमबुकवरही, लिनक्सवर साधारणपणे तसंच. मॅकवर सगळं निवडायचं काम कमांड ए करतं. कंट्रोल ए कर्सरला परिच्छेदाच्या सुरुवातीला नेतं, कंट्रोल ई शेवटाला. ईमॅक्स नावाच्या जुन्या संपादकाची ही पद्धत मॅकच्या मजकूर चौकटींमध्ये आलेली आहे आणि ब्राउझरमध्ये लिहितानाही चालते.

काकांनी "ओळीच्या" न म्हणता "परिच्छेदाच्या सुरुवातीला" म्हटलंय, हे मला फार मोलाचं वाटलं. अंदाजाने लिहिणारा माणूस असं लिहीत नाही, त्यांनी नीट पाहिलंय. माझा कौल मॅक.

उबुंटूवाला_बाळ्या

एक शंका. लिनक्सच्या टर्मिनलमध्येही कंट्रोल ए ने कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो. मग लिनक्स का नाही?

तळटीप

टर्मिनलमध्ये जातो, बरोबर. पण काका मेल लिहीत होते. लिनक्सवरही मजकुराच्या चौकटींना ईमॅक्सची वळणं लावता येतात, पण ती कोणीतरी मुद्दाम लावावी लागतात. शिवाय लॅपटॉप देणाऱ्याने लिनक्स टाकलं असतं तर जाताना एका शब्दावर भागवलं नसतं, असं मला वाटतं. शक्यता शून्य नाही, कमी आहे.

प्रशांत_महासागर

एक्सेलचं माहीत नव्हतं, मानलं. पण cmd चं काय? cmd म्हणजे विंडोजचा Command Prompt. Run मध्ये cmd टाइप करून उघडतात. तो धागा तर विंडोजकडेच जातो ना?

तळटीप

तो धागा दोन्हीकडे जातो, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. मॅकवाले कमांड बटणालाही लिहिताना cmd च म्हणतात. "cmd दाबून ठेवा" असं असतं तर बटण, "cmd मध्ये जाऊन लिहा" असं असतं तर विंडोजची काळी खिडकी. "cmd वापरा" यातून काही निघत नाही. तो उल्लेख बाजूला ठेवा.

घाटमाथा

माझा अनुभव उलट्या बाजूचा, म्हणून सांगते. माझ्या मॅकला मी बाहेरून विंडोजचा कीबोर्ड लावलाय. त्यावर कमांड नावाचं बटणच नाही, विंडोजच्या चिन्हाचं बटण कमांडचं काम करतं. माझ्या बटणांवरची नावं वाचून कोणीही विंडोज म्हणेल. आणि भावाच्या जुन्या इंटेल मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकलंय. तिथे बटणांवर control, option, command छापलंय, पण यंत्र विंडोजसारखं वागतं. काकांना कोणी बाहेरचा कीबोर्ड जोडून दिला असेल तर?

तळटीप

घाटमाथा, म्हणूनच छापील नावापेक्षा परिणामाला जास्त वजन द्यायचं. तुमच्या भावाच्या लॅपटॉपवर विंडोज चालू असताना कंट्रोल ए ने सगळं निवडलं जाईल. काकांकडे तसं होत नाहीये.

सागरगोटा, पुढच्या एकाच मेलमध्ये दोन गोष्टी विचारा. पहिली, सगळ्यात खालच्या रांगेतलं डावीकडून स्पेसपर्यंत जे छापलंय ते जसंच्या तसं, चिन्हांसकट उतरवून पाठवायला सांगा. fn चं बटण पहिलं आहे की दुसरं, यावर काही ठरवू नका. लेनोवोच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपवरही ते अगदी कोपऱ्यात असतं. दुसरी, कंट्रोल दाबून धरून लिहिलेल्या मजकुरावर एकदा क्लिक करायला सांगा. मॅकवर हे उजव्या क्लिकसारखं आहे, लहान यादी उघडते. विंडोजवर तशी यादी येत नाही. यात काही पुसलं जात नाही, म्हणून ही चाचणी बरी. कंट्रोल के अजिबात सांगू नका, मॅकवर त्याने कर्सरपासून परिच्छेदाच्या शेवटापर्यंतचा मजकूर उडतो.

पोस्टकार्ड

एवढं कशाला? पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सफरचंद आहे का, एवढं विचारा. आणि आलेल्या मेलचा मूळ मजकूर उघडून बघा, त्यात कधी कधी हे असतं:

```
X-Mailer: Apple Mail
```

सागरगोटा

मूळ मजकूर उघडून बघितला. काका ब्राउझरमधून जीमेल वापरतात, तशी ओळ नाही. सफरचंदाचा प्रश्नही त्याच मेलमध्ये घालतो. तिन्ही पाठवतोय.

सागरगोटा

काकांचं उत्तर आलं. खालची रांग: "fn, control, मग alt आणि त्याखाली option, मग command आणि एक नक्षीदार चौकोन." कंट्रोल धरून क्लिक केल्यावर "पांढरी यादी आली, घाबरून बाहेर क्लिक केलं." सफरचंदही आहे. तळटीप, तुमचा कौल बरोबर निघाला, मनापासून आभार.

आता भाषा बदलायचं बटण. कंट्रोल आणि स्पेस लिहू ना?

तळटीप

हो. मराठी जोडल्यावर मॅकवर कंट्रोल-स्पेसने आधीची भाषा येते. विंडोजवर हे काम विंडोज-स्पेस करतं. प्रशांतचं ऐकून तीच सूचना गेली असती, तर काकांनी त्या जागचं कमांड-स्पेस दाबलं असतं आणि शोधाची पट्टी उघडून बसली असती. एक सूचना ठळक लिहा: भाषा बदलायची ती मेलमध्ये किंवा लिहिण्याच्या पानावर, एक्सेलमध्ये नको. तिथे कंट्रोल-स्पेस हा अख्खा रकाना निवडायचाही शॉर्टकट आहे. दोघांत कोण जिंकेल हे त्या मॅकवर काय चालू आहे त्यावर आहे.

सागरगोटा

आणि मराठी जोडायला System Settings लिहू की System Preferences?

तळटीप

ते कंट्रोल-कमांडवरून कळणार नाही. macOS Ventura पासून, म्हणजे 2022 पासून, System Settings आहे, त्याआधी Preferences. fn च्या बटणावर पृथ्वीगोल छापलेला असता तर लॅपटॉप साधारण 2020 च्या अखेरीचा किंवा नंतरचा म्हणता आला असता. काकांनी गोलाचा उल्लेख केला नाही आणि option वर alt आहे, म्हणजे यंत्र त्याआधीचं दिसतंय. पण जुन्या यंत्रावरही नवी आवृत्ती चढवलेली असू शकते. सफरचंदावर क्लिक करून About This Mac मध्ये काय लिहिलंय ते उतरवायला सांगा.

घाटमाथा

आणि तोवर दोन्ही नावांनी पायऱ्या लिहून ठेवा, म्हणजे उत्तर येताच पाठवता येतील. cmd चं कोडं सुटलं तर इथे जरूर लिहा.

सागरगोटा

काकांना विचारलं होतं. देणाऱ्यांचं वाक्य त्यांना पुरतं आठवत नाही. About This Mac चा मेल आजच टाकला आहे.