बजेटपेक्षा खर्च अडीच लाखांनी कमी, मग शाबासकी द्यायची की जाब विचारायचा?

चटई विभाग, जळगाव एमआयडीसी: आमच्या प्लास्टिक चटईच्या उत्पादन विभागाचं जुलैचं बजेट २०,००० चटयांचं, १८ लाखांचं होतं. ऑर्डर कमी आल्याने १६,००० च झाल्या आणि खर्च १५,४६,००० आला. फोरमन म्हणतो २,५४,००० वाचवले. मालक खूश आहेत. मला पटत नाही, पण आकड्यांत दाखवता येत नाहीये. खर्च असा, आधी बजेट, मग प्रत्यक्ष: दाणा १२,००,००० / १०,०८,०००. पीसरेट मजुरी १,६०,००० / १,२८,०००. वीज ३,००,००० / २,७०,०००. पगार व भाडं १,४०,००० / १,४०,०००.

भुसावळचे नाना: पोरा, बजेट एकदा ठरलं की ठरलं. उत्पादन घटलं म्हणून बजेट हलवायला लागलास तर उद्या प्रत्येक जण आपल्या सोयीने हलवेल. चार हजार चटया कमी झाल्या, हे नुकसान नाही का?

कॉस्टिंगवाली, धुळे: नाना, बजेट सोयीने हलवायचं नाही. दर तेच ठेवायचे, फक्त नग १६,००० धरायचे. दाणा नगामागे ६० रुपये, म्हणजे ९,६०,०००. मजुरी ८ रुपयांनी १,२८,०००. पगार-भाडं आहे तेच.

खरी मेख विजेत आहे. ३,००,००० ला २०,००० ने भागून १५ रुपये धरले, तर १६,००० ला २,४०,००० येतात आणि फोरमनवर अन्याय होतो, कारण डिमांड चार्ज काही चटया मोजून लागत नाही. दादा, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी उत्पादनाच्या महिन्यांची बिलं टाका ना.

चटई विभाग: २२,००० नगांना ३,२४,००० आणि १५,००० नगांना २,४०,०००.

कॉस्टिंगवाली, धुळे: सात हजार नगांना ८४,००० चा फरक, म्हणजे नगामागे १२ रुपये. २२,००० चे २,६४,००० वजा केले की ६०,००० स्थिर उरतात. म्हणून १६,००० ला वीज २,५२,००० हवी होती. सगळं मिळून १४,८०,००० होतात आणि तुमचा खर्च १५,४६,०००. वाचले काहीच नाहीत, उलट ६६,००० जादा गेले: दाण्यात ४८,०००, विजेत १८,०००. पण दोन बिलांवर फार विसंबू नका. त्यातलं एखादं बंद-चालू महिन्याचं असेल तर १२ चा आकडाच फसवा निघतो. वर्षभराची बिलं मांडून बघा.

नानांचा मुद्दा खोटा नाही, फक्त तो वेगळ्या खात्यात मांडायचा. विकलं न गेल्याचं नुकसान विक्रीवाल्यांकडे विचारायचं. फोरमनला विचारायचं ते एवढंच: जेवढ्या केल्या, तेवढ्यांना किती लागायला हवं होतं?

डाळ मिलवाला, चोपडा: म्हणजे आमच्यासारखं. तूर महागली की आम्ही बजेट नवीन करतो.

कॉस्टिंगवाली, धुळे: नाही हो, भाऊ. भाव वाढले म्हणून दर बदललात तर तुलनाच संपली. इथे फक्त नग बदलायचे. भाववाढीचा फरक दिसू द्यायचा आणि तो खरेदीकडे विचारायचा.

चटई विभाग: दाण्याचा भाव १०० रुपये किलोच होता. ठरवलेल्या ६०० ग्रॅमने ९,६०० किलो लागायला हवा होता. स्टोअरमधून १०,०८० किलो गेला.

जुना एक्स्ट्रूडर ऑपरेटर, अमळनेर: मग ते ४८० किलो मला दिसतात. ऑर्डर तुटक आली की मशीन बंद-चालू होतं. दर वेळी हीटर तापवायला दीड-दोन तास, वीज चालू आणि माल शून्य. बॅरलमधलं जुनं प्लास्टिक लोंदे होऊन खाली पडतं. वीज आणि दाणा दोन्ही एकाच कारणाने वाढले असणार. फोरमनला झापण्याआधी मशीन किती वेळा बंद पडलं ते लॉगबुकात बघ. आणि लोंदे ग्राइंडरला गेले असतील तर त्या दाण्याची किंमत दाण्याच्या खर्चातून वजा केलीस का?

चटई विभाग: ११ वेळा बंद. लोंद्यांची नोंदच नाही, काही पोती मागच्या शेडमध्ये पडलेली आहेत.

भुसावळचे नाना: खरं शे भाऊ, पोती मोज आधी. पण ११ वेळा बंद ठेवायला कोणी सांगितलं? ऑर्डरी एकत्र करून चालवायला काय झालं होतं?

जिनिंगवाला, पारोळा: आमच्याकडे गाठींवर बजेट हलवतात, म्हणून एक विचारतो. तुमच्या सगळ्या चटया एकाच मापाच्या आहेत का? लहान-मोठ्या असतील तर नगांऐवजी किलोवर हलवा. जुलैत मोठ्या चटया जास्त निघाल्या असतील तर तुमचे ४८,००० तिथेच विरघळतील.

कॉस्टिंगवाली, धुळे: दाण्यापुरतं मान्य. पण विजेसाठी किलो चालेल असं मला वाटत नाही, लूमला वेळ लागतो, वजन नाही. प्रत्यक्ष तासांवर तर मुळीच नको, मशीन हळू चालवली तरी बजेट वाढून ती ढिलाई झाकली जाईल. ठरवलेल्या तासांवर बघा.

चटई विभाग: मापं दोन आहेत. ६०० ग्रॅम हे दोघांचं मिळून काढलेलं सरासरी वजन आहे. आज मापवार नग काढतो आणि पोती काट्यावर घेतो.