मदत हवी आहे: स्ट्राँग ब्लू आणि जाड गर्डलचा हिरा घ्यावा का?

बायकोच्या अंगठीसाठी एक कॅरटचा गोल हिरा पाहिलाय, रंग जी. जीआयए सर्टिफिकेटवर फ्लुरोसन्स, म्हणजे अतिनील किरणांत हिऱ्याला येणारी चमक, ‘स्ट्राँग ब्लू’ आणि गर्डल, म्हणजे हिऱ्याची कड, ‘व्हेरी थिक’ लिहिलंय. व्यास 6.2 मिमी, शेजारचा तेवढ्याच वजनाचा 6.45 भरला. म्हणजे वजन कडेत दडलंय, वरून हिरा लहान दिसतो, पैसे मात्र पूर्ण कॅरटचे! सराफ म्हणतात, ‘निळ्या झाकेने हिरा उलट पांढरा दिसतो.’ पण तो फायदा पिवळसर आय-जे-के रंगांत ना? जी रंगात तर यामुळे भाव उतरतो. दुकानातल्या दिव्यांखाली स्वच्छ होता, दारात उन्हात धरला तेव्हा किंचित दुधाळ वाटला. की माझाच भास? कुणी असा घेतलाय का? किती सूट मागावी, आणि पुढे मोडताना अडतं का?